ऑप्शनच्या किमतींतून बाजाराचे गर्भित वितरण काढणे आणि जाड डावे शेपूट वाचणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑप्शनच्या किमतीत संभाव्यता नेमकी कुठे असते?

एकाच एक्स्पायरीचे दोन पुट घ्या, एक ९०१ स्ट्राइकचा आणि एक ९०० चा. पहिला विकत घ्या, दुसरा विका. एक्स्पायरीला निर्देशांक ९०० च्या खाली असेल, तर तो कितीही खाली असला तरी तुमच्या हाती बरोबर १ अंक येतो. तो ९०१ च्या वर असेल तर काहीच येत नाही. म्हणजे या जोडीची किंमत ही "९०० च्या खाली बंद होण्याची" बाजाराने लावलेली किंमत झाली. व्याजाचा भाग काढला की तीच संभाव्यता.

पुटची किंमत स्ट्राइकनुसार किती वेगाने वाढते, म्हणजे तिचा उतार किती, यातून संचयी संभाव्यता मिळते. तो उतार स्वतः किती वेगाने बदलतो यातून संभाव्यतेची घनता मिळते. ब्रीडन आणि लिट्झेनबर्गर यांनी १९७८ मध्ये हे मांडले. सूत्र एवढेच, ज्यात K म्हणजे स्ट्राइक, P पुटची किंमत, r व्याजदर, T एक्स्पायरीपर्यंतचा काळ, F(K) संचयी संभाव्यता आणि f(K) घनता:

```
F(K) = e^(rT) · dP/dK
f(K) = e^(rT) · d²P/dK²
```

इथे ब्लॅक-शोल्स किंवा दुसरे कुठलेही मॉडेल गृहीत धरलेले नाही. अट एकच, प्रत्येक स्ट्राइकला किंमत माहीत असावी. प्रत्यक्षात ती मोजक्याच स्ट्राइकना माहीत असते, आणि पुढच्या सगळ्या अडचणी त्यातूनच येतात.

एखादे पूर्ण उदाहरण मिळेल का?

खालचे आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांचा आकार शेअर निर्देशांकांच्या ऑप्शनमध्ये नेहमी दिसतो तसाच आहे. फॉरवर्ड १०००, एक्स्पायरीला एक महिना. किमती e^(rT) ने गुणून एक्स्पायरीच्या दिवसाच्या पैशांत आणल्या आहेत, म्हणजे व्याज पुन्हा मध्ये येणार नाही.

| स्ट्राइक | इम्प्लाइड व्होलॅटिलिटी | पुटची किंमत | बटरफ्लायचे वजन |
|---|---|---|---|
| ७५० | ३६% | ०.०८ | ०.२६% |
| ८०० | ३२% | ०.२१ | ०.५४% |
| ८५० | २८% | ०.६१ | १.६६% |
| ९०० | २४% | १.८४ | ५.४०% |
| ९५० | २०% | ५.७७ | १७.४६% |
| १००० | १६% | १८.४३ | ४१.८४% |
| १०५० | १३.५% | ५२.०१ | २८.९२% |
| ११०० | १२.५% | १००.०५ | ३.८२% |
| ११५० | – | १५०.०० | ०.१०% |

शेवटचा रकाना असा काढला आहे: ९०० साठी ८५० आणि ९५० च्या किमतींची बेरीज करा, त्यातून ९०० ची दुप्पट किंमत वजा करा, आणि ५० ने भागा. ०.६१ + ५.७७ − ३.६८ = २.७०, भागिले ५०, म्हणजे ५.४०%. याला "८७५ ते ९२५ मध्ये बंद होण्याची संभाव्यता" समजू नका. ८५० आणि ९५० चा एकेक पुट विकत घेऊन ९०० चे दोन विकले की जो बटरफ्लाय होतो तो ९०० ला पूर्ण पैसे देतो आणि ८५० व ९५० पर्यंत उतरत जाऊन शून्य होतो, म्हणून हे त्रिकोणी वजन आहे. ७५० च्या ओळीत मात्र बटरफ्लाय नाही. तिथे ८००/७५० स्प्रेडची किंमत ५० ने भागली आहे, कारण त्याखालचे सगळे त्याच गाठोड्यात आले. ११५० ला ११५०/११०० स्प्रेडवरून तसाच आलेला आकडा १०० मधून वजा केला आहे.

दोन तपासण्या लगेच करा. वजनांची बेरीज १०० यायला हवी. इथे ती तंतोतंत येते. प्रत्येक वजन त्याच्या स्ट्राइकने गुणून बेरीज केली की फॉरवर्ड यायला हवा. इथे १०००.०८ येतात. वरचे ०.०८ म्हणजे ७५० च्या पुटची किंमत. ७५० खालचे सगळे आपण ७५० वरच आहे असे धरले, त्याचा हा हिशेब. पहिली जुळली नाही तर हिशेबात चूक आहे, दुसरी जुळली नाही तर फॉरवर्ड किंवा टोकाची एखादी किंमत चुकली आहे.

कुठलाही वक्र न बसवता डाव्या शेपटाबद्दल, म्हणजे मोठ्या घसरणीच्या संभाव्यतेबद्दल, काय सांगता येते?

बरेच काही. ही पायरी लोक हमखास गाळतात, याचे आश्चर्य वाटते. ९००/८५० पुट स्प्रेडची किंमत १.२३ आहे. ८५० खाली तो पूर्ण ५० देतो, ९०० वर काहीच देत नाही. त्यामुळे १.२३ ÷ ५० = २.४६% हा आकडा "८५० खाली"च्या संभाव्यतेपेक्षा कमी असू शकत नाही आणि "९०० खाली"पेक्षा जास्त असू शकत नाही. ९५०/९०० स्प्रेडवरून तसाच ७.८६% मिळतो, तो ९०० साठी वरची मर्यादा झाला.

म्हणजे ९०० खाली बंद होण्याची गर्भित संभाव्यता २.४६% ते ७.८६% या पट्ट्यात आहे. ८५० साठी तोच पट्टा ०.८०% ते २.४६% असा येतो. कुठलेही सॉफ्टवेअर याबाहेरचा आकडा देत असेल तर चूक सॉफ्टवेअरमध्ये किंवा तुमच्या किमतींमध्ये आहे. पट्टा रुंद वाटतो खरा, पण तो वादातीत आहे. पुढे वक्र बसवून जे मिळते ते या पट्ट्याच्या आतले नेमके स्थान, आणि तिथे थोडा अंदाज आलाच.

स्ट्राइक जवळजवळ असतील तर थेट फरक काढून घनता का काढू नये?

कारण दुसरा फरक किमतीतली बारीक चूक प्रचंड फुगवतो. समजा ९०० च्या पुटची किंमत ०.१० ने चुकली आहे. खरेदी-विक्रीच्या भावांमधले अंतर पाहता ही चूक अगदी सामान्य. स्ट्राइकमध्ये ५० चे अंतर असेल तर ९०० चे वजन ०.२० ÷ ५० = ०.४ टक्केबिंदूंनी हलेल. ५.४ मध्ये ते खपून जाते. अंतर १० चे असेल तर तीच चूक ०.२० ÷ १० = २ टक्केबिंदू होते, आणि त्या अरुंद बटरफ्लायचे खरे वजन असते जेमतेम १%. उत्तर उणे यायला वेळ लागत नाही.

घनतेतली चूक अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणून कच्च्या किमतींतून काढलेला आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि त्यातल्या निम्म्या दात्यांना काही अर्थ नसतो.

मग व्यवहारात कोणत्या क्रमाने जायचे?

सर्वात आधी भाव एकाच क्षणाचे घ्या. दिवसअखेरचे "शेवटचे व्यवहार" वापरू नका. ८०० चा पुट सकाळी शेवटचा विकला गेला असेल आणि १००० चा शेवटच्या मिनिटाला. दोघांच्या मध्ये निर्देशांक हललेला असतो. खरेदी आणि विक्री भावांचा मध्य घ्या, खरेदीचा भाव शून्य असलेले स्ट्राइक वगळा. ऑप्शन युरोपियन पद्धतीचे असावेत. अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये मुदतीआधी वापरण्याच्या हक्काची किंमत मिसळलेली असते, ती आधी वेगळी काढावी लागते.

मग फॉरवर्ड काढा, तोही ऑप्शनमधूनच. मधल्या पाच-सहा स्ट्राइकना कॉल वजा पुट हा आकडा घ्या आणि स्ट्राइकसमोर मांडून सरळ रेषा बसवा. रेषेच्या उताराचे चिन्ह बदलले की सवलत-गुणक मिळतो, आणि रेषा शून्याला छेदते तिथे फॉरवर्ड. रोखीचा निर्देशांक घेऊन त्यात अंदाजाने व्याज मिळवणे आणि लाभांश वजा करणे टाळा. फॉरवर्ड चुकला की पुटच्या बाजूची आणि कॉलच्या बाजूची व्होलॅटिलिटी मध्यावर जुळत नाही, आणि घनतेत बरोबर तिथेच खोटी खाच पडते.

फॉरवर्डच्या खाली फक्त पुट आणि वर फक्त कॉल वापरा. खोलवर पैशात असलेल्या ऑप्शनचे भाव सैल असतात.

यानंतरची युक्ती महत्त्वाची: वक्र किमतींना बसवू नका, इम्प्लाइड व्होलॅटिलिटीला बसवा. १९९३ मध्ये शिमको यांनी हा मार्ग दाखवला. किमती ०.०८ पासून १८ पर्यंत पसरलेल्या असतात, व्होलॅटिलिटी मात्र सावकाश बदलते, त्यामुळे तिच्यावर गुळगुळीत वक्र बसवणे सोपे जाते. ब्लॅक-शोल्स इथे फक्त एकक बदलण्यासाठी आहे, ते खरे आहे असे मानायची गरज नाही. प्रत्येक बिंदूला व्हेगाइतके, म्हणजे व्होलॅटिलिटी बदलली की किंमत जितकी हलते तितके, वजन दिलेला स्मूदिंग स्प्लाइन चांगला चालतो. तो सगळ्या बिंदूंमधून नेमका जाईल असा हट्ट धरू नका, भावांमधल्या अंतराच्या आतून गेला की पुरे. मग बारीक जाळीवर पुन्हा किमती काढा आणि दोनदा फरक घ्या:

```python
s   = vol * np.sqrt(T)          # vol: जाळी K वरचा गुळगुळीत वक्र, F: फॉरवर्ड
d1  = np.log(F / K) / s + s / 2
put = K * norm.cdf(s - d1) - F * norm.cdf(-d1)
cdf = np.gradient(put, K)
pdf = np.gradient(cdf, K)
```

९०० च्या व्होलॅटिलिटीवरून ब्लॅक-शोल्सचा N(−d2) काढला तर तीच संभाव्यता नाही का?

नाही, आणि ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. २४% व्होलॅटिलिटीने ९०० साठी N(−d2) = ६.८६% येते. पण स्ट्राइक एक अंकाने वाढवला की व्होलॅटिलिटीही ०.०८ टक्केबिंदूंनी उतरते, आणि उतार काढताना तो बदल धरावाच लागतो:

```
F(K) = N(−d2) + vega · dσ/dK
     = 0.0686 + 34.36 × (−0.0008)
     = 0.0411
```

खरे उत्तर ४.१%. स्क्यू, म्हणजे स्ट्राइकनुसार व्होलॅटिलिटीचा हा उतार, जितका तीव्र तितका हा फरक मोठा. ८५० ला N(−d2) २.४% सांगते, प्रत्यक्षात १.३% आहे. ६.८६% हा आकडा आधीच्या पट्ट्यात बसतो, त्यामुळे ही चूक त्या तपासणीत पकडली जात नाही. ती सूत्र पाहूनच पकडावी लागते.

शेवटच्या स्ट्राइकच्या पलीकडे काय करायचे?

इथे बाजार बोलायचा थांबतो आणि तुमचे गृहीतक बोलू लागते. ते लपवू नका.

अनेक तयार प्रोग्रॅम शेवटच्या स्ट्राइकपलीकडे व्होलॅटिलिटी सपाट धरतात. उदाहरणात ८०० हा शेवटचा विश्वासार्ह स्ट्राइक आहे आणि त्याखाली ३२% कायम ठेवले, असे समजा. ८०० च्या किंचित डावीकडे dσ/dK शून्य, म्हणून संचयी संभाव्यता ०.८९%. किंचित उजवीकडे उतार −०.०००८, म्हणून ०.४५%. म्हणजे उजवीकडे सरकताना "याच्या खाली बंद होण्याची" संभाव्यता घटली! घनतेच्या आलेखात ८०० वर खाली जाणारा एक टोकदार खिळा दिसतो. बाजारात काही विचित्र घडलेले नसते. तुम्ही लावलेला सांधा तिथे उघडा पडलेला असतो.

उपाय दोन. एक, व्होलॅटिलिटीचा उतार सांध्यावर अखंड ठेवून मग हळूहळू कमी करणे. दोन, शेवटच्या दोन-तीन स्ट्राइकच्या आतल्या संचयी संभाव्यता आणि घनता जुळतील असे तयार शेपूट जोडणे. यासाठी सामान्यीकृत आत्यंतिक-मूल्य वितरण बरेचदा वापरतात. पहिला मार्ग घेतलात तर एक मर्यादा लक्षात ठेवा. रॉजर ली यांनी २००४ मध्ये दाखवल्याप्रमाणे एकूण व्हेरियन्स, म्हणजे σ²T, स्ट्राइकच्या लॉगरिदमच्या तुलनेत दूरवर २ पेक्षा जास्त उताराने वाढू शकत नाही.

अहवाल लिहिताना "८०० खाली एकूण ०.४५%" इथे थांबावे. ते ०.४५% ७०० वर किती आणि ६०० वर किती, हे सांगणारा भाव बाजारात नव्हता.

डावे शेपूट "जाड" म्हणायचे ते कशाच्या तुलनेत?

मधल्या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी सगळीकडे लावून येणाऱ्या लॉगनॉर्मल वितरणाच्या तुलनेत. उदाहरणात ती १६%. तिच्यानुसार ९०० खाली १.२% आणि ८५० खाली ०.०२% येते. ऑप्शनच्या किमती सांगतात ४.१% आणि १.३%. उजवीकडे उलटे चित्र आहे: ११०० वर जाण्यासाठी लॉगनॉर्मल १.८% सांगते, किमती सुमारे ०.५%. वितरण दोन्ही बाजूंनी फुगलेले नाही, ते डावीकडे ताणलेले आहे.

पण केवळ संभाव्यतेवर थांबलात तर शेपटाचा अर्धाच भाग वाचला. पुटची किंमत भागिले संचयी संभाव्यता म्हणजे "९०० खाली गेलाच तर सरासरी किती खाली". १.८४ ÷ ०.०४११ = सुमारे ४५ अंक. लॉगनॉर्मलमध्ये ९०० चा पुट ०.१७ चा असतो आणि खोली ०.१७ ÷ ०.०१२ = सुमारे १४ अंक. म्हणजे पडण्याची संभाव्यता साडेतीनपट आणि पडलाच तर खोली तिप्पट. पुट अकरापट महाग आहे तो या दोन्हींच्या गुणाकाराने. यातला कोणता भाग वाढतो आहे हे वेगवेगळे पाहिले तर "अधिक वेळा पण उथळ घसरण" आणि "क्वचित पण खोल कोसळणे" यांतला फरक कळतो. एकट्या स्क्यूच्या आकड्यात तो दिसत नाही.

हा आकार कायमचा नव्हता. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६% कोसळला. त्याआधी अमेरिकी निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये व्होलॅटिलिटीचा वक्र बराच सपाट होता. त्यानंतर जो तिरपा झाला तो तसाच राहिला.

म्हणजे बाजाराला १०% घसरण होण्याची शक्यता ४.१% वाटते?

असे म्हणू नये. हे वितरण जोखीम-निरपेक्ष आहे: संभाव्यता आणि त्या परिस्थितीत एका पैशाची लोकांना वाटणारी गरज, यांचा गुणाकार. घसरणीत सगळ्यांनाच पैसा हवा असतो, म्हणून तिथला विमा त्याच्या खऱ्या संभाव्यतेपेक्षा महाग विकला जातो. डावे शेपूट काही प्रमाणात भीतीने जाड असते आणि काही प्रमाणात त्या विम्याच्या मागणीने.

किती प्रमाणात, याचा अंदाज घ्यायला तक्त्यातली वजने (K/१०००) च्या घाताने गुणून पुन्हा १०० वर आणता येतात. घात म्हणजे जोखीम टाळण्याची वृत्ती. घात ३ धरला तर ९०० आणि त्याखालची एकूण वजने ७.८६% वरून सुमारे ५.३% वर येतात. शेपूट पातळ झाले, नाहीसे झाले नाही. पण ३ हा आकडा आपण बाहेरून आणला आहे, ऑप्शनच्या किमतींत तो कुठेच लिहिलेला नाही. म्हणून पातळीपेक्षा बदल वाचावा हे बरे. त्यातही जोखीम टाळण्याची वृत्ती संकटात स्वतःच बदलते, एवढी शंका उरतेच.

काल ४.१% होते, आज ८% आहे. शेपूट जाड झाले का?

कदाचित फक्त सगळे वितरणच रुंद झाले असेल. १६% व्होलॅटिलिटीला ९०० हा स्ट्राइक मध्यापासून २.२८ प्रमाण विचलने दूर होता. मधली व्होलॅटिलिटी २४% झाली की तोच ९०० फक्त १.५२ विचलनांवर येतो, आणि त्याखालची संभाव्यता शेपटाचा आकार न बदलताही वाढते. तुलना समान अंतरावर करा: आजचे २.२८ विचलनांवरचे स्थान ८५४ च्या आसपास आहे. कालचे ९०० आणि आजचे ८५४ खालचे आकडे शेजारी ठेवा. ते सारखे असतील तर भीती वाढली, शेपटाचा आकार नाही. अनेकदा घबराटीच्या दिवशी हा आकार उलट थोडा सौम्यच होतो, कारण मधली व्होलॅटिलिटी टोकाच्या व्होलॅटिलिटीपेक्षा वेगाने चढते.

एक्स्पायरी रोज जवळ येते, त्याचाही परिणाम असतो. ३० दिवसांचे वितरण हवे असेल तर दोन बाजूंच्या एक्स्पायरींच्या σ²T मध्ये, समान विचलन-अंतरावर, दिवसांच्या प्रमाणात मधला आकडा काढा. थेट घनतांची सरासरी काढू नका.

आलेखात दोन उंचवटे दिसतात. खरे मानायचे का?

एक्स्पायरीच्या आधी निवडणुकीचा निकाल किंवा न्यायालयाचा निर्णय अशी दोनच टोकांची घटना असेल तर मानता येईल. तशी घटना नसेल तर आधी उंचवट्याजवळच्या स्ट्राइककडे पाहा. तो एक स्ट्राइक काढून पुन्हा वक्र बसवा. उंचवटा नाहीसा झाला तर तो एका शिळ्या भावाचा होता. उंचवटा सांध्याच्या जागी असेल तर शेपूट जोडण्याची पद्धत बदलून पाहा. शेवटी प्रत्येक भाव त्याच्या खरेदी-विक्री अंतराच्या आत यादृच्छिकपणे हलवून दोन-तीनशे वेळा सगळे पुन्हा चालवा. जो उंचवटा जवळजवळ प्रत्येक वेळी तिथेच राहतो त्याबद्दलच बोला, आणि ९०० खालच्या ४.१% सोबत या फेऱ्यांतून आलेला पट्टाही छापा.